मंजुरी नेमकी कशाला, ते मेलमध्ये लिहा

"सोशल मीडियाच्या पोस्टना क्लायंट फोनवर 'चालेल, टाका' म्हणतात. तरी लेखी मंजुरी मागायची का?"

मागायचीच, पण नुसतं 'कृपया मंजुरी द्यावी' पुरत नाही. ऑक्टोबर-डिसेंबरच्या शेड्यूलला एका साडीवाल्यांनी असंच 'ओके' दिलं आणि दिवाळीच्या पोस्टवर जुना भाव गेला. ओके म्हणे आधीच्या फाइलला होतं! आता माझं वाक्य ठरलेलं आहे: 'सोबतची शीट, आवृत्ती ३, भाव आणि तारखांसह मंजूर असल्यास शुक्रवारपर्यंत याच मेलला तसं उत्तर द्या, तोवर एकही पोस्ट शेड्यूल होणार नाही.'

नमुना फोटोही त्याच मेलवर मागते, दोन-तीन पुरेत. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. शिवाय एक तरी दिवसाच्या उजेडातला हवा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली राणी रंग लालसर दिसतो, मग साडी परत येते.