अनुभव धागा: जांभई, प्राणवायू आणि मुंबईचा उकाडा

निरंजन_माहीम
जांभईचा अभ्यास केलेल्यांनी, रुग्ण पाहिलेल्यांनी, प्रयोग वाचलेल्यांनी इथे लिहावं. किस्से कमी, नेमकं जास्त. दुपारी अडीचच्या मीटिंगमध्ये एकाने जबडा उघडला की टेबलाभोवती लाट का फिरते, इथून सुरुवात करू. आधीच सांगतो, जांभईबद्दल नुसतं वाचूनही ती येते. तेव्हा लेखकांनी मनाला लावून घेऊ नये.

ठाणे_स्लो
सोपं आहे. दहा माणसं, खिडक्या बंद. कार्बन डायऑक्साइड साठतो, प्राणवायू कमी पडतो, मग शरीर मोठा श्वास ओढून घेतं. आमच्या मीटिंग रूमचा मीटर तासाभरात 1800 पीपीएमवर जातो.

श्वासनलिका
मीटर बरोबर, निष्कर्ष चूक. 1800 पीपीएम म्हणजे हवेत 0.18 टक्के. 1987 साली रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 3 आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली, म्हणजे तुमच्या खोलीच्या साधारण सतरा ते अठ्ठावीस पट. श्वासाचा वेग वाढला, जांभया वाढल्या नाहीत. शुद्ध प्राणवायू दिला, तर त्या कमी झाल्या नाहीत. श्वास दुप्पट होईल इतका व्यायाम करायला लावला, तरी आकडा तसाच. शिवाय पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं, आणि तिथे ओढून घ्यायला हवा कुठली?

तुमच्या खोलीत सुस्ती येत असेल आणि सुस्तीमागून जांभई, हे शक्य आहे. पण खिडकी उघडल्यावर बरं वाटलं तर ते हवा बदलली म्हणून की वारा गार लागला म्हणून, एवढ्यावरून कळत नाही.

ठाणे_स्लो
मग एवढा आ वासायचा कशाला? श्वास नाकानेही घेता येतो की.

गच्चीवरून
नेमक्या त्याच प्रश्नावर एक प्रयोग झालाय. अँड्र्यू गॅलप यांचं म्हणणं असं की जांभईने मेंदू किंचित गार होतो. जबडा ताणला की डोक्याकडचा रक्तप्रवाह बदलतो आणि आत घेतलेली हवा रक्ताची उष्णता घेऊन जाते. 2007 च्या प्रयोगात लोकांना जांभयांचे व्हिडिओ दाखवले. कपाळावर गार पिशवी धरलेल्यांपैकी फक्त 9 टक्क्यांना जांभई आली, कोमट किंवा साधी पिशवी धरलेल्यांपैकी 41 टक्क्यांना. नुसत्या नाकाने श्वास घ्यायला सांगितलेल्यांना आलीच नाही. उंदरांच्या मेंदूत बारीक तापमापक बसवून पाहिलं, तर जांभईच्या आधी तापमान साधारण एक दशांश अंश चढतं आणि नंतर उतरतं.

यातून एक भाकीत निघतं. बाहेरची हवा शरीराइतकीच गरम असेल तर जांभईचा उपयोग नाही, आणि कडाक्याची थंडी असेल तर गरज नाही. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात रस्त्यावरच्या 160 जणांना जांभयांचे फोटो दाखवले, 80 हिवाळ्यात आणि 80 उन्हाळ्यात. 22 अंशांच्या हिवाळ्यात 45 टक्क्यांना जांभई आली, 37 अंशांच्या उन्हाळ्यात 24 टक्क्यांना. व्हिएन्नात उलट झालं: 19 अंशांच्या उन्हाळ्यात सुमारे 42 टक्के, 1 अंशाच्या हिवाळ्यात 18. म्हणजे ऋतू नव्हे, विशीच्या आसपासचं तापमान दोन्हीकडे सारखं निघालं.

हरभरा
मेंदू थंड होण्यासाठीच जांभई येते हे यातून सिद्ध होत नाही. तापमान उतरलं ते जांभईने, की जांभई आणि उतार दोन्ही तिसऱ्याच कशाने? माणसाच्या मेंदूत तर तापमापक घातलेला नाही. शिवाय फोटो बघून आलेली जांभई ही लागण झालेली जांभई. सकाळी उठल्यावर एकट्याला येणारी तिच्याच कारणाने येते, हे गृहीत धरलंय. आणि जांभईने माणूस तरतरीत होतो असं जे म्हणतात, तेही मेंदूच्या विद्युत नोंदींत दिसलेलं नाही.

दादरकर
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हा प्रयोग केला तर? जानेवारीत आणि मे महिन्यात.

गच्चीवरून
करता येईल, पण मुंबई त्यासाठी अडचणीची जागा आहे. जांभया सकाळी उठल्यावर आणि झोपायच्या आधी जास्त येतात, म्हणून वेळ तीच ठेवावी लागेल, धरा सकाळी अकरा. त्या वेळी जानेवारीत साधारण 26-27 अंश, मे महिन्यात 32. फरक पाच-सहा अंशांचा. टुसॉनमध्ये 15 अंशांत 21 टक्क्यांचा फरक पडला. त्याच प्रमाणात इथे सात-आठ टक्केच पडेल, आणि एवढा लहान फरक पकडायला 80 माणसं पुरत नाहीत, दर ऋतूत साडेपाचशे ते सातशे लागतील.

दुसरी गोची एसीची. टुसॉनच्या उन्हाळ्यात बाहेर येऊन पाच मिनिटं व्हायच्या आतले जवळजवळ 40 टक्के लोक जांभई देत होते, त्यानंतरचे 10 टक्क्यांहून कमी. म्हणजे एसी टॅक्सीतून आत्ता उतरलेला माणूस आणि दहा मिनिटं कट्ट्यावर बसलेला माणूस एका रकान्यात घालायचे नाहीत. 'बाहेर येऊन किती मिनिटं झाली' हे प्रत्येकाला विचारायचं. तिसरं म्हणजे दमटपणा. टुसॉन कोरडं, तिथे घाम उडतो. इथे उडत नाही, त्यामुळे 32 अंश तिथले आणि इथले शरीराला सारखे नाहीत. फरक आलाच तर तो तापमानाचा की आर्द्रतेचा, हे एका शहरात वेगळं काढता येणार नाही.

आणि समोर उभं राहून टक लावून बघू नका. कुणी बघतंय हे कळलं की लोक जांभई दाबतात. फोटोंचं पान हातात द्या, दूर व्हा, शेवटी खूण करायला सांगा.

नर्मदा_प
आमच्याकडे दृष्ट काढताना काढणारीला जांभया आल्या की 'फार कडक लागली होती' म्हणतात. त्याचं काय?

हरभरा
नुसतं वाचूनही जांभई येते हे वर निरंजनने सांगितलंय, मग ती येणार अशी वाट बघत बसलेल्याला येणं नवल नाही. पण मिरच्या न ओवाळता नुसती वाट बघणाऱ्या बायकांशी तुलना कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

सुलभा_ताई
प्रश्न वेगळा आहे, तरी विचारते. सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, डावा हात हलत नाही. पण जांभई आली की तोच हात आपोआप वर उठतो. हात परत येतोय असं समजायचं का?

श्वासनलिका
ताई, हे डॉक्टरांना माहीत असलेलं लक्षण आहे. 2005 मध्ये त्याला नावही मिळालं, पॅराकायनेशिया ब्रॅकियालिस ऑसिटान्स. जांभईची सूत्रं मेंदूच्या देठाकडून हलतात, आणि तो भाग बहुधा शाबूत असतो. हात मुद्दाम उचलण्याची वाट वरच्या भागातून येते, ती तुटलेली असते. वरचा लगाम सुटल्याने जांभईबरोबर हातही ओढला जातो असा अंदाज आहे, पक्कं उत्तर नाही.

ओळखायचं असं: जांभई नसताना 'हात उचला' म्हणा. उचलता येत नसेल, आणि जांभई संपताच हात खाली पडत असेल, तर ती परत आलेली ताकद नव्हे. व्यायाम चालू ठेवा आणि फिजिओथेरपिस्टना हे जरूर दाखवा. एखादी जांभई मोबाइलवर टिपलीत तर सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

सुलभा_ताई
टिपते. मुद्दाम आणायची म्हटली तर येत नाही, तेवढीच पंचाईत.

ठाणे_स्लो
त्यांना हा धागा वाचून दाखवा. मला आतापर्यंत सहा झाल्या.