मोठ्या हिरव्या कँडलनंतर लगेच शिरावं की नियम करून थांबावं?

कोवळी_पालवी
पंधरा मिनिटांच्या चार्टवर ट्रेड करते. किंमत तासभर एका जागी घुटमळत असते, मग अचानक लांबलचक हिरवी कँडल येते आणि वाटतं, आत्ता नाही घेतलं तर गेलं. "अशी कँडल आली की पुढच्या दोन कँडल संपेपर्यंत ऑर्डर टाकायची नाही" असा नियम करायचा विचार आहे. अशाने पैसे वाचतात, की चांगल्या तेजी हातच्या जातात? दोन्ही बाजूंची मतं हवी आहेत.

सरळवाट
तेजी हातच्या जातात, आणि त्याही नेमक्या सगळ्यात चांगल्या. ज्या चालीत खरा जोर असतो ती मागे वळून बघत नाही. पहिली कँडल मोठी, दुसरी त्याहून मोठी, तिसऱ्यानंतर तुम्ही परवानगी काढून आत शिरता तोवर दोन तृतीयांश चाल संपलेली असते. ज्या चाली रखडतात, त्यात मात्र तुम्हाला आरामात जागा मिळते. म्हणजे हा नियम जोरकस चाली गाळतो आणि मरगळलेल्या ठेवतो. भीती वाटते म्हणून नियम करू नका. क्वांटिटी कमी करा आणि शिरा.

ताळेबंद
सरळवाट यांचा मुद्दा खरा आहे, त्याकडे परत येतो. पण थांबणं म्हणजे स्वस्तात मिळण्याची वाट बघणं, असं ते धरून चाललेत. माझ्या मते थांबायचं ते स्टॉपलॉस कुठे ठेवायचा ते कळावं म्हणून. एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो.

समजा एरवीच्या पंधरा मिनिटांच्या कँडलची उंची साधारण 2 पॉइंट आहे. आता आलेली कँडल 100 ला उघडली, लो 99.6, हाय 106.4, क्लोज 106. उंची 6.8, म्हणजे नेहमीच्या तिपटीहून जास्त. खात्यात 1,00,000 आहेत आणि एका ट्रेडमध्ये 1,000 पेक्षा जास्त घालवायचे नाहीत.

106 ला लगेच घेतलं, तर चार्टवर "आपण चुकलो" असं ठामपणे सांगणारी जागा एकच उरते, ती म्हणजे कँडलच्या लोखाली, 99.5. धोका 6.5 पॉइंट, म्हणून क्वांटिटी फक्त 153. पण त्या घाईत 153 कोण घेतं? नेहमीचा धोका 2 पॉइंट असतो, म्हणून बोटाला सवय 500 ची. 500 घेऊन स्टॉप लागला की 1,000 च्या जागी 3,250 जातात. फोमोचं खरं नुकसान मला इथे दिसतं. ती कँडल घेतली हे एक वेळ ठीक, पण ती नेहमीच्याच क्वांटिटीने घेतली जाते.

आता थांबलात असं धरा. पुढच्या दोन कँडल 104.8 ते 106.3 मध्येच फिरल्या, विकणाऱ्यांना किंमत खाली ओढता आली नाही. मग 106.4 चा हाय ओलांडला आणि तुम्ही 106.5 ला घेतलं. अर्धा पॉइंट महाग. पण स्टॉप आता त्या दोन कँडलच्या खाली, 104.7 ला बसतो. धोका 1.8, क्वांटिटी 555. महाग घेऊनही तेवढ्याच धोक्यात साडेतीन पट माल हाती येतो.

लिंबोणी
एवढं गणित कशाला? मोठी कँडल नेहमी निम्म्यापर्यंत परत येते. वरच्या उदाहरणात निम्मं म्हणजे 103. तिथे लिमिट ऑर्डर लावून ठेवा. आली तर स्वस्तात मिळाली, नाही आली तर काही गेलं नाही. कँडल बघत बसायचीही गरज नाही.

सरळवाट
"नेहमी" कुठून आणलंत? आणि "काही गेलं नाही" हे तर मुळीच खरं नाही. धरा, अशा दहा कँडल आल्या. चार सरळ वर गेल्या, सहा 103 पर्यंत आल्या. त्या सहांतल्या तीन वळून वर गेल्या आणि तीन पूर्ण कोसळल्या. 106 ला घेणाऱ्याचे दहापैकी सात बरोबर. तुमच्या लिमिटला सहा मिळाले, त्यातले तीनच बरोबर. कोसळणारी एकही तुमच्या हातून सुटली नाही, कारण खाली जाताना ती 103 वरूनच गेली. पळणाऱ्या चारही मात्र सुटल्या.

ताळेबंद
लिमिटबद्दल सरळवाट म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, आणि हा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. मात्र नुसती बरोबर-चूकची मोजणी पुरत नाही. लिंबोणींचा धोका 3.5 पॉइंट आहे, 106 वाल्याचा 6.5. चाल 113 पर्यंत गेली तर लिंबोणी धोक्याच्या जवळपास तिप्पट कमावतात, 106 वाला जेमतेम एकपट. सहात तीन बरोबर आले तरी लिमिट पुढे राहते. सहात दोनच आले की मागे पडते. म्हणजे सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे, आणि तो तुमच्या स्वतःच्या नोंदींतूनच कळेल. लिंबोणींची निम्मी गोष्ट बरोबर आहे: परत येणं वारंवार घडतं. पण परत आल्यावर ती कँडल जिवंत असते की मेलेली, हे लिमिट ऑर्डर विचारत नाही. म्हणून मी खाली वाट बघण्यापेक्षा वर टिकलेली किंमत बघतो.

संथधारा
मी दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात टाकते. गेल्या महिन्यात बाजार एकदम वर गेला, तेव्हा हप्ता दोन महिने थांबवला. तोही असाच नियम झाला ना? आता परत सुरू करायला धीर होत नाही.

ताळेबंद
नाही, तुमची गोष्ट वेगळी आहे. इथे चाललेली चर्चा स्टॉपलॉस लावून काही तासांत बाहेर पडणाऱ्यांची आहे. तुमच्या हप्त्याला स्टॉप नाही, म्हणून थांबून तो जवळ आणण्याचा फायदाही नाही. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी टाकणं हाच तुमचा नियम होता, तो मोडला गेलाय. पुढच्या तारखेला सुरू करा, बाजाराकडे न बघता.

सरळवाट
मूळ उदाहरणाकडे येतो, कारण त्यात एक सोयीची गोष्ट केली आहे. लगेच घेणाऱ्याला 99.5 चा लांब स्टॉप दिला आणि थांबणाऱ्याला 1.8 चा जवळचा. पण एरवीची कँडलच 2 पॉइंटची आहे. 1.8 चा स्टॉप सहज हालचालीत उडेल. उलट मी 106 ला घेऊन 2.4 पॉइंट खाली, 103.6 ला स्टॉप ठेवला तर? मलाही 416 मिळतात, आणि चाल पळाली तर मी आत असतो.

ताळेबंद
पहिला आक्षेप मान्य. 1.8 फार चिकटून आहे. शिवाय या एका कँडलने सरासरी उंचीही वाढते: 14 कँडलची एटीआर 2 असेल तर हिच्यानंतर साधारण 2.34 होते. म्हणून मीही स्टॉप 104.1 ला नेईन. धोका 2.4, क्वांटिटी तुमच्याइतकीच 416. (जाता जाता, कँडल "मोठी" आहे का हे तपासताना आधीच्या 2 शी तुलना करायची, 2.34 शी नाही. नाहीतर मोठी कँडल स्वतःच स्वतःला लहान ठरवते.)

दुसऱ्यावर मात्र असहमत. तुमचा 103.6 कँडलच्या अंगाच्या मधोमध आहे. तिथे कोणी खरेदीला उभं राहिल्याची खूण नाही. कँडल चांगली असली तरी 103 पर्यंत श्वास घ्यायला येऊ शकते, आणि वर जाण्याआधी तुम्हाला बाहेर टाकते. माझा 104.1 अशा पट्ट्याखाली आहे जिथे दोन कँडल किंमत टिकली. अंतर सारखं, पण स्टॉप लागण्याचा अर्थ वेगळा.

सरळवाट
त्या पट्ट्याखालचा स्टॉप सगळ्यांनाच दिसतो, म्हणून तिथे वारंवार झटका बसतो. माझ्या नोंदींत तरी दोघांत ठळक फरक दिसत नाही. बातमीने आलेल्या कँडलमध्ये तर पट्टा बनतच नाही.

ओटीवरचा_दिवा
माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. थांबण्याचा नियम लिहिला तरी थांबताना माणूस काय करतो, ते बघा. पंधरा मिनिटांचा चार्ट बंद करून एक मिनिटाचा उघडतो. तिथे दर मिनिटाला नवी "संधी" दिसते आणि नियम न मोडताच माणूस शिरतो, कारण नियम पंधरा मिनिटांच्या चार्टसाठी लिहिलेला असतो! म्हणून मी कँडल बंद झाली की तिच्या हायवर आणि निम्म्यावर अलर्ट लावते आणि स्क्रीन सोडते. अलर्ट वाजेपर्यंत माझं काम नाही.

बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी 2008 साली दाखवलं होतं की किरकोळ गुंतवणूकदार एका दिवसात जोरात वर किंवा खाली गेलेल्या शेअर्सची निव्वळ खरेदी करतात, कारण हजारोंतून लक्ष त्यांच्याकडेच जातं. म्हणजे ती कँडल आपण शोधलेली नसते, तिने आपल्याला गाठलेलं असतं. हे समजल्यापासून मी एक गोष्ट नियमात घातली: जे नाव त्या सकाळच्या माझ्या यादीत नव्हतं, त्याच्या हिरव्या कँडलला त्या दिवशी एन्ट्री नाही.

सरळवाट
यादीचा नियम मला पटतो. तो वेळ बघत नाही, तयारी बघतो. पालवी, तुम्हाला थांबायचंच असेल तर "दोन कँडल" सोडून द्या. दोनमध्ये जादू काही नाही. त्या दोन कँडल 6 पॉइंट पळाल्या तर तुम्ही 112 ला घेणार का? नियमाप्रमाणे हो, कारण थांबून झालं.

ताळेबंद
हे फार महत्त्वाचं. नुसता वेळेचा नियम धोकादायक आहे, तो भूक वाढवून दार उघडतो. अट हवी: नंतरच्या कँडल मोठ्या कँडलच्या वरच्या तिसऱ्या भागात बंद झाल्या पाहिजेत, इथे 104.1 च्या वर, आणि स्टॉपचं अंतर आधीच्या एटीआरच्या दीडपटीपेक्षा जास्त नसलं पाहिजे. मुदतही हवी. सहा कँडलमध्ये अट जुळली नाही तर ते नाव सोडायचं. 112 ला पोचलं तर अंतराची अटच मोडते, तिथे विचार संपतो.

कोवळी_पालवी
मग नियम असा लिहिते: यादीतलं नाव असेल तरच, कँडल बंद झाल्यावर अलर्ट, वरच्या तिसऱ्या भागात दोन क्लोज, स्टॉप 3 पॉइंटच्या आत, सहा कँडलची मुदत. आणि सोडून दिलेल्या प्रत्येक कँडलपुढे "लगेच घेतलं असतं तर काय झालं असतं" तेही त्याच दिवशी लिहीन. एक प्रश्न उरतो. बातमीच्या कँडलसाठी वेगळा रकाना ठेवू, की तिथे हा नियम लावूच नको?

सरळवाट
वेगळा रकाना ठेवा. मी तिथे एक तृतीयांश क्वांटिटी लगेच घेतो आणि लांब स्टॉपच ठेवतो.

ताळेबंद
मी तिथे काहीच घेत नाही. त्या क्षणी खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर फाकलेलं असतं, आणि मार्केट ऑर्डर स्क्रीनवर दिसणाऱ्या भावाच्या वर कुठेतरी भरते. सरळवाट, तुमच्या नोंदींत एन्ट्रीचा भाव स्क्रीनवरचा लिहिता की प्रत्यक्ष भरलेला?

सरळवाट
प्रत्यक्ष भरलेला. फरक किती पडतो ते वेगळं काढलेलं नाही, या आठवड्यात काढतो.