जुनं हर्पिस आणि सिझेरियन

"आधीपासून जननेंद्रियाचं हर्पिस आहे, म्हणजे सिझेरियनच ना?"

सरसकट नाही. जुन्या लागणीत आईच्या अँटिबॉडीज बाळाला आधीच मिळालेल्या असतात, म्हणून प्रसूतीवेळी फोड असले तरी बाळाला धोका साधारण 3 टक्क्यांच्या आतच. खरी भीती शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच लागण झाली तर. तेव्हा तो 30 ते 50 टक्क्यांवर जातो. माझ्या बहिणीला 36व्या आठवड्यापासून असायक्लोविर 400 मिग्रॅ दिवसातून तीनदा होतं. कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांनी उजेडात नीट तपासलं, जळजळ-मुंग्या येतात का तेही खोदून विचारलं. काहीच नव्हतं, नॉर्मल झाली. फोड किंवा नुसती ती जळजळ असती तरी सिझेरियनच ठरलं होतं.

जननेंद्रियावरच्या चामखिळींचं गणित वेगळं: त्या वाट अडवत असतील किंवा फाटून बराच रक्तस्राव होईल इतक्या वाढल्या असतील, तरच सिझेरियन.