मदत हवी आहे: ग्रेडिंग मॉनिटरसाठी कॉलेज लॅबला अर्ज

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या फिल्म कॉलेजच्या लॅबला द्यायचा अर्ज खाली आहे. वाचून सुधारणा सांगा.

"माननीय लॅबप्रमुख सर, डिप्लोमा फिल्मच्या ग्रेडिंगसाठी रेफरन्स मॉनिटर तीन दिवस मिळावा, ही विनंती. मॉनिटर Rec.709, गॅमा 2.4, पांढरा रंग D65 आणि कमाल उजेड 100 निट्सवर लावलेला असावा. इनपुट रेंज Full नव्हे, Video ठेवावी. आमचा सिग्नल 10 बिटमध्ये काळा 64 आणि पांढरा 940 असा एसडीआयने येईल. मॉनिटर अर्धा तास तापल्यावरच काम सुरू करू. आपली विद्यार्थिनी."

रेंजचं वाक्य मुद्दाम घातलंय. मॉनिटर Full वर राहिला, तर 64 हा काळा राखाडी दिसतो. मग आपण सावल्या खाली ओढतो आणि प्रसारणात केसांचा, काळ्या साडीच्या काठाचा तपशील बुजतो. ओळखायला कलर बार लावायचे: काळ्याहून किंचित उजळ पट्टी जेमतेम दिसली पाहिजे, काळ्याहून गडद पट्टी मात्र दिसताच कामा नये. तीही दिसली, तर रेंज चुकलीय. ब्राइटनेसला हात लावण्याआधी रिझॉल्व्हमधलं Data Levels सुद्धा Video आहे ना, हे बघायचं.

आता दोन प्रश्न. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे अर्जातच विचारावं का? आणि खोलीतल्या ट्यूबलाइट बंद ठेवून मॉनिटरमागे मंद D65 दिवा मागणं जास्त होईल का? माझ्या मते दिवा हवाच, कारण उजेड पडलेल्या पडद्यावर सावल्यांचा अंदाज चुकतो.