मदत हवी आहे: निधीच्या अर्जात एकच मुद्दा चार रकान्यांत शिरतोय, शब्दमर्यादा कशी सांभाळू?

माणगंगाकाठ: नमस्कार मंडळी. जत तालुक्याच्या पूर्व भागात ६ गावांत आमची छोटी संस्था शेळीपालक बायकांसोबत काम करते. एका कंपनीच्या सामाजिक निधीसाठी अर्ज भरतेय. मराठीत चालतो, पण रकाने त्यांचेच: समस्या व गरज (२०० शब्द), लाभार्थी व निवड (१००), कार्यपद्धती (३००), अपेक्षित परिणाम (१५०), प्रकल्पानंतरचे सातत्य (१५०). वेगळं काही जोडता येत नाही, फक्त अंदाजपत्रक.

आमच्या कामाचा कणा म्हणजे पशुसखी. गावातलीच बाई, तिला शिकवायचं, ती लसीकरण आणि जंतनाशकाचं बघते. आता ही पशुसखी कुठल्या रकान्यात लिहू? मी सगळीकडे लिहिलीय. त्यामुळे पहिलाच रकाना ३७० शब्दांवर गेलाय. आणि आमचं आधीचं काम सांगायला रकानाच नाही! पहिल्या रकान्याची सुरुवात अशी आहे:

"महाराष्ट्रातील ग्रामीण भागात शेळीपालन हा शेतीला पूरक असा महत्त्वाचा व्यवसाय म्हणून ओळखला जातो. जत तालुका हा कायमस्वरूपी दुष्काळी तालुका असून येथील महिलांच्या उपजीविकेमध्ये शेळीपालनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. परंतु पशुवैद्यकीय सेवा वेळेवर उपलब्ध होत नसल्यामुळे करडांच्या मृत्यूचे प्रमाण मोठे आहे. त्यासाठी आमची संस्था पशुसखींना प्रशिक्षण देऊन लसीकरण व जंतनाशक सेवा घरपोच पुरवणार आहे."

हळदीचा_पेव: सोप्पं आहे ताई. पशुसखी एकदाच पहिल्या रकान्यात सविस्तर लिहा, बाकीच्यांत "मुद्दा १ पाहावा" एवढंच. आणि शब्द वाचवायला तिरप्या रेघा घाला: लसीकरण/जंतनाशक/खाद्य. वर्डमध्ये तो एकच शब्द धरला जातो. आमच्या शाळेच्या अर्जात मी हेच केलं होतं.

कृष्णाघाट_वाई: आमच्याकडे वेगळीच गंमत झाली होती. मर्यादा १००० होती, आम्ही ६०० शब्द लिहून निवांत. चिकटवलं तर निम्म्याहून जास्त गायब! ती मर्यादा अक्षरांची होती. "शेळी" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, संगणक चार मोजतो, मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या. जोडाक्षर असलं की आणखी एक हलन्त. मोकळ्या जागाही मोजतो. तुमचा अर्ज तसलाच असेल, बघा.

माणगंगाकाठ: नाही हो, इथे स्पष्ट "शब्द" लिहिलंय, खाली आकडा पळतो. प्रश्न मोजण्याचा नाही, काय कुठे ठेवायचं याचा आहे.

जुना_परीक्षक: मी काही वर्षं असे अर्ज तपासले आहेत. गुणपत्रिकेत प्रत्येक रकान्याला वेगळे गुण असायचे, आणि वाचताना मी एक रकाना वाचून तिथेच गुण टाकायचो. "मुद्दा १ पाहावा" आलं की मागे कोण जातो? त्या रकान्यात काही लिहिलेलं नाही, एवढंच दिसतं. तिरप्या रेघांबद्दल: यंत्र कदाचित फसेल, वाचणारा वैतागतो. शिवाय काही संकेतस्थळं रेघेवर शब्द तोडतात, तेव्हा ऐनवेळी आकडा वाढतो.

ताई, पशुसखीचा मुद्दा तुकडे करून वाटा. प्रत्येक रकाना वेगळा प्रश्न विचारतोय. पहिला विचारतो, आज काय बिघडलंय? तिथे पशुसखी येतच नाही, कारण ती अजून नाही. तिसरा विचारतो, कोण, केव्हा, काय करणार? तिची निवड, प्रशिक्षण, पेटी, गावफेरी इथे. चौथा विचारतो, पहिल्या रकान्यातला आकडा कुठे जाईल? तिथे तिचं नावही नको. पाचवा विचारतो, निधी संपल्यावर तिला पैसे कोण देणार? तिची प्रत्येक फेरीमागची फी इथे.

तुमच्या ५२ शब्दांतली पहिली दोन वाक्यं कुठल्याही तालुक्याच्या अर्जात चालतील, ती काढा. चौथं तिसऱ्या रकान्यातलं आहे. उरलेल्या तिसऱ्या वाक्यात "प्रमाण मोठे" असं आहे, आकडा नाही. गावांची पाहणी केली असेलच?

माणगंगाकाठ: केलीय, घरोघरी. गेल्या वर्षी ४१२ करडं जन्मली, ९७ सहा महिन्यांच्या आत मेली. दवाखाना १८ किलोमीटरवर. बहुतेक घरांत एकही लस टोचलेली नव्हती.

जुना_परीक्षक: मग हे बघा:

"आमच्या पाहणीतील ६ गावांत गेल्या वर्षी जन्मलेल्या ४१२ करडांपैकी ९७ सहा महिन्यांच्या आत दगावली. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना १८ किलोमीटरवर आहे आणि यातल्या बहुतेक घरांत एकही लस टोचलेली नव्हती."

२८ शब्द. आणि आता १७२ शिल्लक आहेत. चारा, पाणी, एका करडामागे घराचं किती नुकसान, हे त्यात घाला. आधीच्या कामाचं म्हणाल तर कार्यपद्धतीत एक वाक्य: "ही पाहणी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केली." तुम्ही गावात आहात हे त्यातून कळतं, वेगळा इतिहास लिहावा लागत नाही.

मिरज_गोठा: मी पशुसंवर्धनात काम केलंय म्हणून बोलतो. सर, वाक्य छान आहे, पण ताई अडचणीत येतील. ९७ पैकी किती पहिल्या महिन्यात मेली? पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस करडाला साधारण तीन-चार महिन्यांनंतर टोचतात. पहिल्या महिन्यातलं करडू मरतं ते चीक वेळेवर न मिळाल्यानं, ओल्या-थंड गोठ्यानं, हगवणीनं. करडाला नंतर टोचलेली लस तिथे काय करणार? पहिल्या रकान्यात लस नाही म्हणून मरतात असं सुचवायचं आणि चौथ्यात मरतूक निम्म्यावर आणू म्हणायचं, हे जमणार नाही.

आणखी एक. शब्द कापताना "पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली" हे तीन शब्द मात्र कापू नका. पशुसखी म्हणजे डॉक्टर नव्हे, आणि तपासणाऱ्याला कायदा ठाऊक असला की तेच पहिलं शोधतो.

माणगंगाकाठ: वही काढून बघितली. ९७ पैकी ५८ पहिल्या महिन्यात गेलीत. म्हणजे अर्ध्याहून जास्त. आता लसीकरणाचं सगळं खोटं ठरलं का?

मिरज_गोठा: खोटं नाही, अपुरं. गाभण शेळीला विण्याआधी आंत्रविषाराची लस दिली की चिकातून करडालाही काही काळ आधार मिळतो, तिथून सुरुवात करा. जन्मल्यावर तासाभरात चीक, नाळेला आयोडीन, कोरडा गोठा, हे पशुसखीच्या प्रशिक्षणात घाला. लसीकरण त्यानंतर.

जुना_परीक्षक: बरोबर. म्हणजे पहिल्या रकान्यात ९७ ची फोड द्या, ५८ आणि ३९. तिसऱ्यात दोन्ही गटांसाठी वेगळं काम, पण ३०० शब्दांत ते बसवताना गावफेरीचं वेळापत्रक दोन ओळींवर आणावं लागेल. चौथ्यात दोन आकडे.

हळदीचा_पेव: चौथ्यात मोठा आकडा टाका, "मरतूक शून्यावर". निधी देणाऱ्याला तेच आवडतं.

जुना_परीक्षक: शून्य वाचलं की मी गुण कापायचो. वर्षअखेरीस तोच आकडा तुमच्याकडे मागतात.

मिरज_गोठा: ५८ चे ३० होऊ शकतील, पण पाऊस ऐन विण्याच्या हंगामात आला तर नाही. मी तरी लेखी द्यायला धजणार नाही.

माणगंगाकाठ: दोघांचं पटतंय, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. "निम्म्याच्या जवळ" असं शब्दांत चालेल का, की आकडाच हवा? आमच्या पाहणीसारखी दुसऱ्या कुठल्या गावची नोंद असलेलं कुणी असेल तर सांगा. अर्जाला अजून वेळ आहे.