परिपाठातलं भाषण : चालायचं डावीकडून की उजवीकडून?

ऋताची आई : मुलगी सहावीत आहे, तिला परिपाठात रस्ता सुरक्षेवर दोन मिनिटांचं भाषण करायचंय. शाळेची बरीच पोरं चालत नाहीतर सायकलने येतात, रस्ता दुपदरी, फुटपाथ नाही. मी लिहून दिलं "नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला", तर तिचे बाबा म्हणतात चूक आहे. काय लिहू?

आरएसपीवाले सर : ताई, बाबा बरोबर आहेत. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे डावीकडून चालणाऱ्या पोराच्या पाठीमागून गाड्या येतात आणि त्याला दिसत नाहीत. फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने, एकामागे एक चालायचं म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं आणि कडेला सरकायला वेळ मिळतो. पण सायकल मात्र डावीकडूनच! हा फरक भाषणात ठासून सांगायला हवा, पोरं इथेच गोंधळतात.

पक्या ७७ : हे काय लॉजिक सर, चालताना समोरून बघायचं तर सायकललाही समोरून बघणं सेफच ना, मी पूर्ण शाळा उजवीकडून सायकल मारली, काही झालं नाही.

आरएसपीवाले सर : पक्या, चालणारा पोरगा जागच्या जागी थांबतो, कडेला उतरतो. सायकलवाला थांबायला वेळ घेतो, आणि समोरून येणाऱ्या बाईकचा आणि त्याचा वेग एकत्र होतो. शिवाय गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडून यायच्या असतात. तू रस्त्याच्या उजव्या कडेने सायकल मारत त्याच्या डावीकडून आलास तर त्याला दिसतच नाहीस.

सांगलीकर : आमच्याकडे उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की मागे दोन दोन ट्रॉल्या, मागचा लाईट बंद, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आता पोरांनी डावीकडून चालायचं की उजवीकडून की शेतातून? आधी ड्रायव्हर लोकांना परिपाठाला उभं करा. पोरांना भाषणं देऊन काय होणार!

ऋताची आई : अहो दादा, तुमचं खरंय, पण भाषण सोमवारी आहे आणि ड्रायव्हर येणार नाहीत 😅

मेधा_ठाणे : सर, मला एक पटत नाही. घर आणि शाळा दोन्ही डाव्याच बाजूला असेल तर उजवीकडून चालण्यासाठी पोरगं दोनदा रस्ता ओलांडणार. ते जास्त धोक्याचं नाही का? एका माणसाला वळणावर उजवीकडेच धडक बसलेली मी पाहिलीये.

आरएसपीवाले सर : हा मुद्दा बरोबर आहे. उजवीकडचं आंधळं वळण असेल तर कडेने येणाऱ्या गाडीला पोरगं शेवटच्या क्षणी दिसतं, तिथे वळणाच्या आधीच बाजू बदलावी. आणि दोनदा ओलांडायचं की नाही हे तुमचा रस्ता बघूनच ठरवा, मी इथे बसून सांगणार नाही.

ओलांडण्याचं मात्र पोरांना मोजून दाखवा. मैदानात चुन्याने ७ मीटर अंतर आखा, साधारण दुपदरी रस्त्याएवढं. पोरगं सेकंदाला मीटरभर चाललं तरी त्याला ७ सेकंद लागतात. ४० च्या स्पीडची बाईक एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे तेवढ्यात ७७ मीटर. आमच्या शाळेत ७७ मीटरवर एका पोराला उभं केलं तर पाचवीच्या वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला, "सर, एवढ्या लांब असलेली गाडी?" बस्स, भाषणापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

पक्या ७७ : मग पोरांना गाडी ७७ मीटरच्या पुढे असेल तर ओलांडा असं सांगायचं का?

आरएसपीवाले सर : नाही! तीच बाईक ६० ने आली तर ११७ मीटर जाईल, आणि लहान पोरांना समोरून येणाऱ्या गाडीचा वेग ओळखता येत नाही. त्यांना साधं सांगा : उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे बघा, कारण आधी उजवीकडचीच गाडी तुमच्यापर्यंत पोहोचते. गाडी येताना दिसली की थांबा. आणि एसटीतून उतरल्यावर तिच्या पुढून ओलांडू नका, बस जाऊ द्या. बसच्या आडून येणारी ओव्हरटेक करणारी बाईक ना तुम्हाला दिसते ना तुम्ही तिला.

मेधा_ठाणे : सायकलचं अजून एक. पावसात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. आमच्या मुलाच्या सायकलचा ब्रेक दाबला की लिव्हर हँडलच्या ग्रिपला टेकत होता, तरी तो "लागतो गं आई" म्हणत चालवायचा. घरून निघताना एकदा दाबून बघायला सांगा, दप्तर हँडलला लटकवू नका हेही.

ऋताची आई : "सुरक्षितता हाच खरा मंत्र" काढून टाकलं. आता भाषणात चालण्याची बाजू, सायकलची बाजू आणि ७७ मीटर एवढंच आहे. ऋता म्हणते चुन्याची रेघ मारायला शिपाईकाकांना विचारते. बाईंना सुविचार हवा होता, बघू काय म्हणतात.

सांगलीकर : ट्रॉलीचं पण टाका की एक वाक्य, ओव्हरटेक करणाऱ्या सायकलवाल्यांसाठी. मागची ट्रॉली वळताना आत घेते.