चिमटीत धरू नका, बोटं सपाट ठेवा

"बायका घरी स्तन तपासतात, पण सगळीकडेच गाठी लागतात म्हणून घाबरून येतात."

ही तक्रार नेहमी ऐकू येते. कारण बहुतेकजणी चिमटीत धरून बघतात, आणि चिमटीत निरोगी स्तनही गाठाळच लागतो. दवाखान्यात मी त्यांचा हात धरून मधल्या तीन बोटांच्या टोकांचा मऊ भाग सपाट टेकवायला लावते. मग रुपयाएवढे गोल फिरवायचे, आधी हलके, नंतर बरगडी जाणवेपर्यंत दाबून. गळ्याखालच्या हाडापासून काखेपर्यंत. पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, तेव्हा स्तन हलके असतात. एकाच बाजूला नवी टणक गाठ लागली तर दुखत नसली तरी लगेच दाखवा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मात्र घरी कळत नाही. दवाखान्यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. संशयित भाग पांढरा होतो. पांढरा म्हणजे कर्करोगच असं नव्हे, हे बाईला तपासणीआधीच सांगा, नाहीतर ती पुढच्या तपासणीला येतच नाही.